घडीचं टेबल: बिजागरीचा भार वेगळा, साखळीचा वेगळा

भिंतीवरचं घडीचं टेबल खचलं की बहुतेक जण बिजागरीला दोष देतात आणि आणखी लांब स्क्रू ठोकतात. खरं तर बिजागरी फळीला फिरू देण्यासाठीच असते, त्यामुळे पुढची कड खाली जाणं ती थांबवूच शकत नाही. ते काम साखळीचं.

80 सेंमी रुंद, 45 सेंमी खोल, 18 मिमी प्लायची फळी घेऊ. मागच्या कडेला भिंतीत बसवलेली लाकडी पट्टी आणि फळी यांना पियानो बिजागरी, म्हणजे पट्टीसारखी सलग लांब बिजागरी, वरच्या बाजूने जोडते. वर भिंतीतल्या हुकांपासून आलेल्या दोन्ही साखळ्या फळीला बिजागरीपासून 36 सेंमीवर अडकवल्या आहेत. पुढच्या कडेवर कोणी कोपर टेकवून 20 किलोचा भार दिला, तर फळीचं वजन धरून प्रत्येक साखळीवर फळीशी 45 अंशांच्या कोनात सुमारे 19 किलो ताण येतो. साखळीचं भिंतीवरचं टोक खाली आणून कोन 30 अंशांचा केला, की तोच ताण 27 किलोच्या पुढे जातो. त्यात भिंतीतला हुक बाहेर ओढणारा वाटा प्रत्येकी 14 वरून 24 किलोवर पोचतो. म्हणून भिंतीवरचा हुक जितका उंच बसवता येईल तितका बसवावा.

साखळी ताठ असेल, तर बिजागरी भिंतीकडे दाबली जाते. ती बाहेर ओढली जात नाही. तिच्या लांबीभर पसरलेले स्क्रू मागची कड जागेवर धरतात आणि फळीला आडवी सरकू देत नाहीत. इथेच ती दोन सुट्या बिजागऱ्यांपेक्षा सरस ठरते.

साखळी सैल राहिली, तर मात्र सगळं उलटतं. फळीची मागची खालची कड पट्टीवर टेकते आणि फळी पहारीसारखी काम करते. एका बाजूला 45 सेंमी, दुसऱ्या बाजूला जेमतेम 1.8 सेंमी! पुढच्या कडेवरचे 20 किलो बिजागरीच्या स्क्रूंवर सुमारे 500 किलोंची ओढ आणतात. प्लायमधले छोटे स्क्रू एकेक करून उपटतात ते इथे, आणि लांब स्क्रू लावून मूळ कारण जात नाही.

म्हणून बिजागरी बसवताना फळी आणि पट्टी यांत 2 मिमी फट ठेवावी. मग फळी समतल धरावी, पुढची कड दोनेक मिमी वर उचलावी आणि त्याच स्थितीत दोन्ही साखळ्या सारख्या ताठ करून अडकवाव्यात. भार आल्यावर कड्या जागेवर बसून फळी समतल होते. आता खालून फटीत पुठ्ठ्याचा तुकडा घालून पुढची कड दाबा. पुठ्ठा मोकळा सरकला तर भार साखळीवर आहे. अडकला तर साखळी एक कडी आखूड करा.

पोकळ बोर्डाच्या भिंतीत साखळीचा हुक आतल्या उभ्या लाकडात गेला पाहिजे. नुसत्या बोर्डातला प्लग ही ओढ फार दिवस धरत नाही.