कॉलमच्या आलेखाला पोट कुठून आलं

दादर-माटुंग्याच्या जुन्या बिल्डिंगींची डिझाइन कॅल्क्युलेशन्स कधी हाती लागली तर बघा, कॉलमला लोड आणि मोमेंट दोन्ही असेल तिथे एक बेरीज असते, लोडचा स्ट्रेस भागिले परवानगीचा स्ट्रेस अधिक मोमेंटचा तसाच भागाकार, आणि उत्तर १ च्या आत. आलेखावर काढली तर ही सरळ उतरती रेघ, म्हणजे नुसत्या या बेरजेपुरतं बोलायचं तर लोड कमी झाला की कॉलम जास्तच सेफ. ही वर्किंग स्ट्रेसची पद्धत.

पण काँक्रीट तुटताना असं वागत नाही. अमेरिकेत व्हिटनीने १९३७ मध्ये तुटण्याच्या क्षणाचा आयताकृती स्ट्रेस ब्लॉक मांडला, ब्रिटनमध्ये १९७२ च्या सीपी ११० या कोडने लिमिट स्टेट आणलं, म्हणजे तुटण्याच्या क्षणाची ताकद धरून डिझाइन, आपल्याकडे ते आयएस ४५६ च्या १९७८ च्या आवृत्तीत आलं आणि १९८० मध्ये एसपी १६ चे चार्ट, किती लोडला कॉलम किती मोमेंट घेतो ते वक्रांनी दाखवणारे. मुंबईतल्या कितीतरी ऑफिसांत त्याची झेरॉक्स अजून ड्रॉवरमध्ये असते. त्या वक्रांना मधे पोट आहे, आणि खरी गंमत त्या पोटातच आहे.

समजा स्टिल्ट पार्किंगचा शॉर्ट कॉलम, ३०० बाय ५००, एम २५, एफई ४१५, वाकणं ५०० च्या दिशेने, दोन टोकांना २० एमएमच्या तीन-तीन सळ्या. म्हणजे स्टील p १.२६ टक्के, काँक्रीटची ताकद fck २५, p/fck झालं ०.०५. कव्हर ४०, रिंग ८, अर्धी सळी १०, मिळून काठापासून सळीच्या मध्यापर्यंतचं अंतर d' ५८, भागिले ५०० म्हणजे ०.११६. मग सेफ बाजूला राहून ०.१५ चा चार्ट ३३ घ्यायचा, दोन बाजूंना सळ्या असलेला. (चारही बाजूंना सळ्या असतील तर चार्ट वेगळे, ही गल्लत फार होते.)

आता लोडच्या एका कॉम्बिनेशनला लोड Pu ८०० केएन आणि मोमेंट Mu १९० केएनएम आले. Pu/(fck b D) = ०.२१, Mu/(fck b D²) = ०.१०. या लोडला कॉलम साधारण २०७ केएनएम घेतो, पास. मग भूकंपाचं ०.९ डीएल अधिक १.५ ईएल, म्हणजे बिल्डिंगचं स्वतःचं वजन ०.९ पट आणि भूकंपाचा लोड १.५ पट, मोमेंट तोच १९० पण Pu उरला ३००. आता कपॅसिटी फक्त १७८ च्या आसपास. फेल! लोड कमी झाला म्हणून फेल.

कारण, कमी लोडला ताणातली सळी आधी यील्ड होते, वरून थोडा दाब असला की तो दाब हा ताण काही प्रमाणात खातो, म्हणून लोड वाढला की मोमेंट घ्यायची ताकदही वाढते. इथे साधारण ६७० केएनपर्यंत वाढते, २११ केएनएमला पोचते, मग काँक्रीटच आधी चिरडायला लागतं आणि वक्र आत वळतो. म्हणून 'सगळ्यात जास्त लोडवालं कॉम्बिनेशन चेक केलं, बाकी सोडा' म्हणणारा ज्युनियर (मीही होतो एकेकाळी) नेमका हाच बिंदू सोडतो. कमीत कमी Pu सोबत येणारा मोमेंटही चार्टवर ठेवायचाच.