एकाने थांबायचं, दुसऱ्याने सुरू करायचं
(तालमीला येण्याआधी टीममधल्या प्रत्येकाने वाचायचं माहितीपत्रक)

टीमने मिळून सादरीकरण करायचं ठरलं की प्रत्येक जण आपापला भाग तयार करतो. पण एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू होतं ती जागा कुणाच्याच वाट्याला आलेली नसते, म्हणून तिची तयारीही होत नाही. नेमकं तिथेच श्रोत्यांचं लक्ष सुटतं. आवाज बदलतो, चेहरा बदलतो, आपल्या मुंबईत बऱ्याचदा भाषाही बदलते, आणि मधल्या दहा-पंधरा सेकंदांत लोक मोबाइल काढतात. या पत्रकात आम्ही फक्त या सांध्यांबद्दल बोलणार आहोत.

उदाहरण पुनर्विकासाचं घेतो, कारण आमच्याकडे येणाऱ्या अनेक टीम त्याच कामासाठी येतात. सोसायटीची सभा आहे. तुम्हाला २० मिनिटं दिली आहेत, त्यानंतर सभासदांचे प्रश्न. बोलणारे चार जण: फर्मचे भागीदार, आर्किटेक्ट मॅडम, पैशांचा हिशेब पाहणारे सर आणि वकील. विकासकाच्या निवडीच्या सभेचं चित्रीकरण होतं, त्यामुळे तुमचं बोलणं आणि तुमचं अडखळणं दोन्ही नोंदलं जातं, हेही लक्षात असू द्या.

सांधा कसा बांधायचा

बहुतेक वेळा ऐकू येतं ते असं. आर्किटेक्ट मॅडम म्हणतात, “तर असा आपला प्लॅन आहे. आता पुढचं आमचे सर सांगतील. थँक यू.” सर उठतात, माइक घेतात, “नमस्कार, मी या फर्मचा फायनान्स बघतो. मॅडमनी खूप छान माहिती दिली. तर आता आपण आर्थिक बाजू बघू या,” असं म्हणतात आणि मग पहिली स्लाइड शोधतात. अर्धा मिनिट गेला आणि सभासदांना नवीन काहीच कळलं नाही. “आता पुढचं” या शब्दांनी पुढचं ऐकायचं कारणही दिलं नाही.

हाच सांधा असा बांधता येतो:

मॅडम: “म्हणजे प्रत्येक घराचा कार्पेट एरिया वाढतोय आणि प्रत्येक घराला स्वतःची पार्किंगची जागा आहे. पण इमारत उभी राहीपर्यंत राहायचं कुठे आणि भाडं कोण भरणार, हा प्रश्न तुमच्या मनात असणारच. तो सगळा हिशेब आमच्या सरांकडे आहे.”

सर: “भाड्यापासूनच सुरुवात करतो. घर रिकामं करायच्या आधी तुमच्या हातात काय पडेल, ते बघा.”

देणाऱ्याच्या बोलण्यात तीन गोष्टी आल्या: माझ्या भागातून काय मिळालं, त्यातून कोणता प्रश्न उरला, आणि त्याचं उत्तर कुणाकडे आहे. घेणाऱ्याने एकच गोष्ट केली. त्या प्रश्नातला शब्द, इथे “भाडं”, उचलला आणि तिथूनच सुरू केलं. ओळख नाही, आभार नाहीत, कौतुक नाही. चौघांची ओळख भागीदारांनी सुरुवातीलाच एकेका वाक्यात करून द्यायची: घर कसं असेल ते मॅडम सांगतील, पैसे कसे मिळतील ते सर सांगतील, कागदावर तुमचं संरक्षण काय ते वकील सांगतील. ही ओळख एकदा झाली की पुन्हा करायची नाही.

प्रश्नावर टेकलेला सांधा सगळ्यात पक्का, असा आमचा अनुभव आहे. पण चार वक्त्यांत तिन्ही सांधे प्रश्नाचेच झाले तर ठरावीक वाटायला लागतात. एखादा परिणामाचा करा: “इतके पैसे टप्प्याटप्प्याने मिळणार असतील, तर ते करारात नेमके कसे लिहिले आहेत ते बघायला हवं. वकीलसाहेब.” एखादा हरकतीचा करा: “हे सगळं बोलायला सोपं आहे, प्रत्यक्ष घर कसं दिसेल, असं कुणाला वाटत असेल तर मॅडमनी नकाशे आणले आहेत.” एक पथ्य मात्र पाळा. पुढच्या वक्त्याच्या वतीने असं काही कबूल करू नका, जे तो सांगणार नाही. “सर तुम्हाला नक्की आकडा सांगतील,” असं मॅडम म्हणाल्या आणि सरांकडे फक्त अंदाज असला, तर ती उणीव पुढे प्रश्नोत्तरांत निघतेच.

देणाऱ्याचं शेवटचं वाक्य आणि घेणाऱ्याचं पहिलं वाक्य दोघांनी एकत्र बसून लिहून काढायचं आणि शब्दन्‌शब्द पाठ करायचं. बाकीचं भाषण मुद्द्यांवरून केलं तरी चालेल. नाटकवाल्यांच्या भाषेत हा तुमचा क्यू आहे. मॅडमनी ऐन वेळी तो बदलला तर सर खुर्चीतच बसून राहतात, आणि सभेत एक विचित्र शांतता पडते.

ही शांतता आणखी एका कारणाने महाग पडते. मागच्या रांगेतले सभासद हात वर करतात ते वक्ता बदलताना, कारण त्यांना ती बोलायची जागा वाटते. प्रश्न चालू वक्त्याच्या भागातला असेल तर त्यानेच दोन वाक्यांत उत्तर देऊन मग सांधा घ्यावा. प्रश्न पुढच्याच्या भागातला असेल तर तो प्रश्नच सांधा म्हणून वापरा: “काकांनी विचारलं तेच आता सर सांगणार आहेत.” काकांचा मान राहतो, आणि तुम्हाला तयार सांध्याहून चांगला सांधा मिळतो.

भाषा बदलत असेल तर

भागीदार मराठीत बोलतात, वकील हिंदीत, स्लाइड इंग्रजीत: मुंबईतल्या सोसायटीत हे रोजचं आहे. अशा वेळी वकिलांनी पहिलं वाक्य मराठीतच घ्यावं, मोडकं असलं तरी, आणि मग “पुढचं हिंदीत सांगतो, चालेल ना?” असं विचारून भाषा बदलावी. मुख्य अट, म्हणजे रक्कम, मुदत, गॅरंटी, देणाऱ्याने एकदा मराठीत सांगून ठेवावी. ज्येष्ठ सभासदांना तेवढ्याने धागा सापडतो.

माइक, क्लिकर, स्लाइड

हातातला माइक चालू ठेवूनच द्या. बंद करून दिला की घेणारा पहिले दोन शब्द हवेत बोलतो आणि मग “हॅलो, हॅलो” सुरू होतं. माइक जाळीच्या जरा खाली धरून दांड्याची बाजू पुढे करा, म्हणजे घेणाऱ्याच्या हाताला जाळीची बाजू लागणार नाही आणि खरखर होणार नाही. क्लिकर दुसऱ्या हातातून द्या. आपली शेवटची स्लाइड देणाऱ्याने पुढे ढकलू नये. सांध्याचं वाक्य चालू असताना पडद्यावर पुढच्याची स्लाइड आली की लोक ती वाचायला लागतात आणि वाक्य वाया जातं. स्लाइड घेणाऱ्याने, स्वतःचं पहिलं वाक्य संपल्यावर बदलायची. पुढचा वक्ता आधीच्याचं शेवटचं मिनिट सुरू होताच उठून बाजूला येऊन उभा राहिलेला हवा.

ऑनलाइन बैठकीत एक गोष्ट उलटी होते. हॉलमध्ये पुढच्या माणसाचं नाव वाक्याच्या शेवटी घ्यायचं, म्हणजे सगळ्यांच्या नजरा बरोबर वेळी वळतात. ऑनलाइन मात्र ते आधी घ्यायचं: “सर, तुमच्याकडे येतो. भाड्याचा प्रश्न राहिलाय…” तेवढ्या वेळात सर म्यूट काढतात. स्क्रीन सुरुवातीपासून एकानेच शेअर करावी.

वेळ सगळ्यांची मिळून

२० मिनिटं भागिले ४, म्हणजे प्रत्येकी ५, ही वाटणी आम्ही सुचवत नाही. सभासदांना घर आणि पैसा यांबद्दल जास्त ऐकायचं असतं. शिवाय प्रत्येक सांध्याला सुमारे २० सेकंद जातात, तीन सांध्यांचं मिळून एक मिनिट. आणि दोन मिनिटं राखीव हवीत. उरली १७. ती अशी वाटा, आणि किती मिनिटं बोलायचं याऐवजी घड्याळात कितीला थांबायचं ते लिहा:

भागीदार: ०:०० ते ३:००
आर्किटेक्ट: ३:२० ते ९:२०
हिशेब: ९:४० ते १४:४०
वकील: १५:०० ते १८:००
राखीव: १८:०० ते २०:००

हा कागद चौघांच्या हातात एकसारखा हवा. “मला सहा मिनिटं आहेत” एवढंच माहीत असलेला वक्ता आधीचा दोन मिनिटं लांबला तरी सहाच मिनिटं बोलतो. “मला ९:२० ला थांबायचंय” हे माहीत असलेला आपलं बोलणं आवरतो.

वेळ पाहणारी व्यक्ती बोलणाऱ्यांपैकी नसावी. ऑफिसमधल्या कुणालाही पहिल्या रांगेत बसवा, मांडीवर फोनचं स्टॉपवॉच आणि दोन मोठे कागद: एकावर १, एकावर “सांधा”. शेवटच्या मिनिटाला पहिला दाखवायचा, वेळ संपली की दुसरा. दुसरा दिसला की चालू वाक्य पुरं करून थेट पाठ केलेल्या सांध्यावर यायचं, मधे काहीही राहिलं तरी.

राखीव दोन मिनिटं कुणाच्याही मालकीची नाहीत. भागीदारांनी ती सुरुवातीलाच खाल्ली तर फटका वकिलांना बसतो, आणि करारनामा, बँक गॅरंटी, ताबा लांबला तर काय, हे सभासदांना ज्यासाठी बोलावलं तेच राहून जातं. म्हणून प्रत्येकाने आपल्या भागातली एक स्लाइड आधीच “गाळायची” म्हणून खुणेने ठरवून ठेवायची. सरांचं सुरू व्हायला घड्याळात ९:४० ऐवजी ११:१० झाले असतील, तर सरांनी आपली गाळायची स्लाइड सोडावी आणि राखीव वेळेतून थोडी भर घ्यावी. भराभर बोलून वेळ भरून काढायचा प्रयत्न करू नका. आकडे कानावरून जातात आणि तेच प्रश्न पुन्हा येतात. “वेळ कमी आहे म्हणून पटकन सांगतो” हे वाक्यही नको, त्यात आधीच्याची तक्रार ऐकू येते.

कुणी वाहतुकीत अडकून पोचलंच नाही तर? प्रत्येक भागाचा एक पर्यायी वक्ता आधी ठरवा. त्याने पूर्ण भाग करायची गरज नाही, मुख्य तीन मुद्दे आणि पुढचा सांधा एवढं त्याला यायला हवं.

तालमीला येताना

पूर्ण सादरीकरणाची तालीम नंतर होईलच. पहिल्या दिवशी आम्ही फक्त सांधे घेतो: देणाऱ्याची शेवटची तीस सेकंदं आणि घेणाऱ्याची पहिली तीस, उभं राहून, खरा माइक आणि क्लिकर घेऊन, प्रत्येक सांधा तीनदा. साधारण दहा-बारा मिनिटांत तिन्ही सांधे होतात. येताना सांध्यांची लिहिलेली वाक्यं, वरच्यासारखा वेळेचा कागद आणि प्रत्येकाने खूण केलेली गाळायची स्लाइड घेऊन या. चौघांपैकी एकही कमी असेल तर तारीख बदलून घ्या, आम्ही तालीम पुढे ढकलू.