ऑक्सिजन सुटल्यानंतरचे काही सेकंद

ऑक्टोबरचा उकाडा आहे. शहापूर तालुक्यातल्या एका आश्रमशाळेत बारा वर्षांचा, तीस किलो वजनाचा एक मुलगा दुपारी तासभर कबड्डी खेळतो, घामाने निथळतो आणि पाणी न पिता थेट टाकीच्या गार पाण्याने आंघोळ करतो. रात्री नऊच्या सुमारास त्याच्या दोन्ही नडग्या ठणकू लागतात. अकरापर्यंत तो रडकुंडीला येतो. पाय बघावेत तर ना सूज, ना लाली, ना जखम. दुसऱ्या दिवशी एक्स-रे काढला तर तोही स्वच्छ. ‘अभ्यास टाळायला नाटक करतोय’ हे वाक्य अशा वेळी फार सहज तोंडातून निघतं, आणि ते साफ चुकीचं असतं. त्याच्या हाडांच्या आत खरोखरच रक्तप्रवाह अडलेला असतो.

हा मुलगा उदाहरणासाठी घेतला आहे. पण ठाणे जिल्ह्यातल्या वारली, कातकरी, ठाकूर, महादेव कोळी पाड्यांवर आणि विदर्भातून कळवा-ऐरोलीकडे येऊन राहिलेल्या अनेक कुटुंबांत हे चित्र ओळखीचं आहे. हा सिकलसेलचा आजार, आणि याचं मूळ एका अमिनो आम्लाच्या बदलात आहे.

हिमोग्लोबिनचा एक रेणू म्हणजे चार साखळ्यांची जुडी: दोन अल्फा आणि दोन बीटा. बीटा साखळीत १४६ अमिनो आम्लं एकामागून एक ओवलेली असतात. सिकलसेलमध्ये त्यातलं फक्त सहावं बदललेलं असतं. जनुकात ‘जीएजी’च्या जागी ‘जीटीजी’ आलं, म्हणजे एक अक्षर पालटलं, की तिथे ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन बसतं. ग्लुटामिक आम्लावर ऋण विद्युतभार असतो आणि त्याला पाण्यात राहायला आवडतं. व्हॅलिनवर भार नाही, ते तेलकट स्वभावाचं आहे आणि पाण्यापासून दूर जायला बघतं. ही जागा रेणूच्या बाहेरच्या अंगाला आहे, त्यामुळे प्रत्येक रेणूच्या पृष्ठभागावर एक छोटा तेलकट उंचवटा तयार होतो.

नुसत्या उंचवट्याने काही बिघडत नाही. टिचबटणाला दुसरी बाजूही लागते. ती दुसरी बाजू, म्हणजे शेजारच्या रेणूच्या बीटा साखळीवरची तेलकट खोबण, सगळ्यांच्याच हिमोग्लोबिनमध्ये असते, अगदी निरोगी माणसाच्याही. फक्त हिमोग्लोबिनने ऑक्सिजन धरलेला असताना रेणूची घडी अशी असते की व्हॅलिन त्या खोबणीत बसू शकत नाही. ऑक्सिजन सुटला की घडी बदलते, खोबण बरोबर समोर येते आणि टिच्! एक रेणू दुसऱ्याला अडकतो, दुसरा तिसऱ्याला. अशा माळा एकमेकींभोवती पिळून १४ पदरांचा ताठ दोर बनतो. एका तांबड्या पेशीत सुमारे २७ कोटी हिमोग्लोबिन रेणू दाटीवाटीने भरलेले असतात. असे दोर समांतर वाढू लागले की मऊ, दबणारी, वाटोळी पेशी आतून ताणली जाते आणि विळ्यासारखी वाकडी, कडक होते.

आता प्रश्न असा: ऑक्सिजन तर प्रत्येक फेरीत सुटतो. मग सिकलसेलच्या रुग्णाला दिवसरात्र वेदना का होत नाहीत?

याचं उत्तर वेळेत आहे, आणि या आजारातली सगळ्यात समजून घेण्यासारखी गोष्ट तीच आहे. ऑक्सिजन सुटल्याबरोबर दोर बनत नाहीत. आधी काही रेणूंना योगायोगाने एकत्र येऊन एक ‘बी’ बनवावं लागतं. दोन-चार रेणू जमतात, सुटतात, पुन्हा जमतात. तोवर बाहेरून काहीच दिसत नाही. पण एकदा बी टिकलं की त्यावर दोर झपाट्याने वाढतो आणि त्या दोराच्या अंगावरच नवे दोर फुटतात. पाक साखरताना हेच होतं. बराच वेळ तो स्वच्छ, पातळ दिसतो आणि एक कण धरला की बघता बघता सगळं भांडं रवाळ होतं. बी धरेपर्यंतच्या त्या शांत काळाला ‘विलंबकाळ’ म्हणू या.

पेशी केशवाहिनीतून साधारण एका सेकंदात बाहेर पडते आणि पुढच्या दहा-पंधरा सेकंदांत शिरांमधून फुप्फुसात पोचते. तिथे ऑक्सिजन मिळाला की खोबण हुकते आणि दोर सुटतात. विलंबकाळ या प्रवासापेक्षा जास्त असेल तर पेशी सहीसलामत घरी येते, आणि बहुतेक पेशी बहुतेक वेळा येतात. विलंबकाळ एका सेकंदाच्या आत आला तर मात्र पेशी केशवाहिनीतच कडक होते. पेशीचा व्यास सात-आठ मायक्रॉन आणि केशवाहिनी त्याहून अरुंद. मऊ पेशी दुमडून निघून जाते, कडक पेशी अडते.

हा विलंबकाळ कशावर ठरतो? सर्वांत जास्त, पेशीतलं हिमोग्लोबिन किती दाट आहे यावर. हे अवलंबन विलक्षण तीव्र आहे: दाटपणाच्या पंधराव्या ते तिसाव्या घाताच्या प्रमाणात विलंबकाळ घटतो. त्यातला सौम्य आकडा, पंधरा, घेऊन आपल्या मुलाचा हिशेब करू. समजा त्याच्या पेशींत डेसिलिटरला ३२ ग्रॅम हिमोग्लोबिन होतं आणि पाणी घटल्यामुळे ते ३४ झालं. वाढ सुमारे सहा टक्के, पण विलंबकाळ अडीच पटीने कमी झाला. ज्या पेशीकडे अडीच सेकंद होते तिच्याकडे आता एकच सेकंद उरला. म्हणजे एका दुपारचा घाम आणि न प्यायलेलं पाणी यांनी हजारो पेशी सुरक्षित बाजूकडून धोक्याच्या बाजूला ढकलल्या. शिवाय विळ्याचा आकार घेताना पेशीच्या आवरणातून पोटॅशियम आणि त्यामागोमाग पाणी बाहेर जातं, म्हणजे जी पेशी एकदा वाकडी झाली ती पुढच्या वेळी आणखी दाट असते.

गार पाण्याची आंघोळ दुसऱ्या बाजूने काम करते. थंडीने रक्तवाहिन्या आकसतात, प्रवाह मंदावतो आणि पेशीला लागणारा एक सेकंद दोन-तीन सेकंदांवर जातो. तापात आणि खूप दमल्यावर रक्ताची आम्लता वाढली की हिमोग्लोबिन ऑक्सिजन लवकर सोडतं. कारणं वेगवेगळी असली तरी ती या एकाच शर्यतीत पेशीला हरवतात.

वाहकांचंही यातूनच कळतं. आईवडिलांपैकी एकाकडूनच बदललेलं जनुक आलेल्या माणसाला आपल्याकडे ‘एएस पॅटर्न’ म्हणतात. त्याच्या पेशीत सिकल हिमोग्लोबिन सुमारे ४० टक्केच असतं. उरलेलं साधं हिमोग्लोबिन मध्ये मध्ये आल्याने बी धरायला इतका वेळ लागतो की पेशी कितीतरी आधी फुप्फुसात पोचते. म्हणून वाहकाला सहसा वेदनेचे झटके येत नाहीत. तो आजारी नाही. दोन वाहकांचं लग्न झालं तर मात्र प्रत्येक गरोदरपणात दोघांकडूनही बदललेलं जनुक आलेलं, म्हणजे ‘एसएस’, बाळ होण्याची शक्यता २५ टक्के असते.

मुलाच्या नडगीकडे परत येऊ. विळ्याच्या पेशी नुसत्या अडत नाहीत, त्या वाहिनीच्या अस्तराला चिकटतातही, आणि त्यांच्यासोबत पांढऱ्या पेशी चिकटतात. फुटलेल्या पेशींतून बाहेर पडलेलं हिमोग्लोबिन वाहिनीला सैल ठेवणारं नायट्रिक ऑक्साइड खाऊन टाकतं, म्हणून वाहिनी अजून आवळते. अस्थिमज्जेत मुळातच प्रवाह संथ आणि ऑक्सिजन कमी असतो, त्यामुळे अडथळा तिथे लवकर होतो. मज्जेचा तो भाग उपाशी पडतो, आत सूज येते, आणि भोवती कडक हाड असल्याने सुजेला जागा नसते. दाब वाढत जातो. ठणका त्याचा असतो, आणि बाहेरून काही न दिसण्याचं कारणही हेच.

अशा वेळी घरी किंवा वसतिगृहात काय करायचं? मुलाला उबदार ठेवावं, दुखऱ्या जागी कोमट शेक द्यावा. बर्फ कधीही लावू नये, त्याने वाहिन्या आणखी आकसतात. पाणी, ताक, पेज घोटघोट देत राहावं. तीस किलोच्या मुलाची रोजची साधी गरज सुमारे १७०० मिलिलिटर असते, या दिवसांत ती दोन ते अडीच लिटरपर्यंत न्यावी. पॅरासिटामॉल किलोला १५ मिलिग्रॅम, म्हणजे त्याला एका वेळी ४५० मिलिग्रॅम, सहा तासांच्या अंतराने. त्याने भागलं नाही तर दवाखान्यात अधिक ताकदीचं वेदनाशामक लागतं आणि ते मागण्यात काही चूक नाही. ऑक्सिजनचा मास्क मात्र बोटावरच्या यंत्रात पातळी कमी दिसली तरच उपयोगी पडतो. अडलेल्या वाहिनीच्या पलीकडे तो पोचतच नाही.

३८.५ अंशांवर ताप, छातीत दुखणं किंवा धाप, एका बाजूचा अशक्तपणा, बोबडं बोलणं, अचानक पांढरंफटक पडून डाव्या बरगडीखाली पोट फुगणं, यांपैकी काहीही दिसलं तर घरी थांबायचं नाही. तापाला इतकं महत्त्व देण्याचं कारण असं की याच अडथळ्यांनी प्लीहा लहानपणीच दुबळी होते आणि साधा वाटणारा जंतुसंसर्ग काही तासांत रक्तात पसरू शकतो.

इथे एक फसवी खूण सांगायला हवी. ‘लघवी पिवळी झाली की पाणी प्या’ हा नियम या मुलांना लागू पडत नाही. मूत्रपिंडाच्या आतल्या भागात ऑक्सिजन फार कमी आणि क्षार दाट असतात, तिथे पेशी सर्वांत आधी वाकड्या होतात, आणि लघवी दाट करण्याची मूत्रपिंडाची ताकद बालपणीच जाते. त्यामुळे शरीर कोरडं पडत असतानाही लघवी भरपूर आणि पांढरी येत राहते. आश्रमशाळेत रात्री अंथरूण ओलं करणाऱ्या सिकलसेलच्या मुलाला पाणी कमी पाजलं जातं, त्याला ओरडा बसतो. त्याच्या बाबतीत याहून उलटा उपाय नाही. त्याला पाणी द्या आणि रात्री एकदा उठवा.

निदानाची पहिली पायरी साधी आहे. सोडियम डायथायोनाइट असलेल्या दोन मिलिलिटर द्रावणात २० मायक्रोलिटर रक्त घालतात, पाच मिनिटं थांबतात आणि नळीमागे काळ्या रेघांचा कागद धरतात. डायथायोनाइट ऑक्सिजन काढून घेतं, सिकल हिमोग्लोबिन विरघळलेलं राहत नाही, द्रावण गढूळ होतं आणि रेघा दिसेनाशा होतात. म्हणजे पेशीत जे घडतं तेच नळीत डोळ्यांसमोर घडतं. पण ही चाचणी वाहक आणि रुग्ण यांत फरक करू शकत नाही, आणि सहा महिन्यांखालच्या बाळात खोटी नकारात्मक येऊ शकते. त्यासाठी पुढे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस ही तपासणी करावी लागते. निगेटिव्ह भार गेल्यामुळे सिकल हिमोग्लोबिन विद्युतक्षेत्रात साध्या हिमोग्लोबिनपेक्षा हळू सरकतं, हे लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी १९४९ मध्ये दाखवलं. नेमकं कोणतं अमिनो आम्ल बदलतं हे व्हर्नन इन्ग्रॅमने १९५०च्या दशकात शोधलं.

बाळ सहा महिन्यांपर्यंत सहसा ठणठणीत का असतं, याचं उत्तर औषधाकडे नेतं. जन्मावेळी पेशींत बहुतांश गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन असतं. त्यात बीटाऐवजी गॅमा साखळी असते आणि ते दोरात शिरतच नाही. ते ओसरू लागलं की हातापायांची सूज, पहिले झटके दिसू लागतात. हायड्रॉक्सियुरिया हे औषध मज्जेला हेच जुनं हिमोग्लोबिन पुन्हा बनवायला लावतं, आणि पेशीही थोडी मोठी होते, म्हणजे दाटपणा घटतो. शर्यतीतला विलंबकाळ दोन्ही बाजूंनी वाढतो. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या चाचणीत प्रौढ रुग्णांचे झटके जवळपास निम्म्यावर आले. आपल्याकडे किलोला रोज १० मिलिग्रॅमने सुरुवात करतात, आपल्या मुलासाठी ३०० मिलिग्रॅम. मात्र हे औषध पांढऱ्या पेशीही घटवतं, म्हणून सुरुवातीला दर काही आठवड्यांनी रक्ततपासणी चुकवायची नाही. परिणाम दिसायला काही महिने लागतात. पहिल्या महिन्यात झटका आला म्हणून गोळी बंद करू नये, आणि बरं वाटू लागलं म्हणूनही नाही.