झेंडूचा भाव आणि दोन सरकलेल्या रेषा

‘दसऱ्याला मागणी वाढूनही झेंडूचे भाव कोसळले’ अशी बातमी वाचली की त्यातला ‘वाढूनही’ मला खटकतो. मागणी वाढली की भाव चढतो, हे आपण शाळेत शिकलो ते खरंच आहे, पण पुरवठा होता तिथेच असेल तर. झेंडूचा शेतकरी दसरा-दिवाळी धरूनच रोपं लावतो. त्यामुळे सणाला गिऱ्हाईक वाढतं, तसा मालही वाढतो. भाव उभ्या आणि माल आडव्या अक्षावर धरून काढलेल्या आकृतीत मागणीची आणि पुरवठ्याची, अशा दोन्ही रेषा उजवीकडे सरकतात.

विद्यार्थी इथे झटकन आकृती काढतात, नवा छेदबिंदू बघतात आणि ‘भाव वाढला’ असं लिहून मोकळे होतात. पण कोणती रेषा किती सरकवायची, हे प्रश्नात दिलेलंच नसतं, ते पेन्सिलीने ठरवलेलं असतं. पुरवठ्याची रेषा आणखी बोटभर पुढे काढली असती तर उत्तर उलटलं असतं.

मला आवडणारी रीत अशी: जुन्या भावावर बोट ठेवून उभं राहायचं. समजा, एरवी ६० रुपये किलोने १०० क्विंटल झेंडू खपतो. सणाला त्याच ६० रुपयांना १६० क्विंटल घ्यायला लोक तयार आहेत, पण बाजारात आले २०० क्विंटल. ४० क्विंटल पडून राहणार, म्हणून भाव उतरणार. माल १२० क्विंटलच आला असता तर ४० क्विंटलचा तुटवडा पडून भाव चढला असता. मागणी दोन्हीकडे तेवढीच वाढली आहे. आकडे नसतील तर भावाबद्दल ‘सांगता येत नाही’ हेच पूर्ण उत्तर. खप मात्र दोन्ही वेळा वाढतो, तो ठामपणे लिहावा.

भाव उतरला की लोक आणखी थोडी फुलं घेतात. तो मागणीचा विस्तार, त्याच रेषेवरून खाली येणं. मागणीतील वृद्धी म्हणजे त्याच भावाला जास्त मागणी. विस्तारालाच वृद्धी समजून रेषा पुन्हा सरकवली, की एकच गोष्ट दोनदा मोजली जाते. गुण जातात ते बहुधा इथेच.

भाव पडला की ‘व्यापाऱ्यांनी ठरवून पाडला’ असंही लगेच म्हटलं जातं. कधी तसं होतही असेल, पण नुसता पडलेला भाव हा त्याचा पुरावा नव्हे. आधी आवक बघावी.

आता ऐन सणाच्या तोंडावर पाऊस झाला आणि फुलं झाडावरच सडली असं धरा. मागणी उजवीकडे, पुरवठा डावीकडे. ६० रुपयांना घेणारे वाढले आणि माल घटला, म्हणजे तुटवडा नक्की आणि भाव चढणार हेही नक्की. या वेळी अडतं ते खपापाशी. तो एरवीच्या १०० क्विंटलच्या वर जाईल की खाली, हे पावसाने किती फूल नासवलं आणि लोकांनी किती हात सैल सोडला, ते कळल्याशिवाय लिहिता येत नाही.