क्रोमेट–डायक्रोमेट समतोल आणि परमँगनेटची माध्यमानुसार उत्पादिते

क्रोमिअम आणि मँगनीज या संक्रमण धातूंचे ऑक्सिजनयुक्त आयन सामूप्रमाणे रंग बदलतात. क्रोमेटच्या पिवळ्या द्रावणात आम्लाचे थेंब टाकले की ते नारिंगी होते. परमँगनेटचा जांभळा रंग क्षपणक घातल्यावर आम्लात नाहीसा होतो, उदासीन द्रावणात तपकिरी होतो आणि तीव्र आम्लारीत हिरवा होतो. पाठ्यपुस्तकांत या दोन गोष्टी शेजारी शेजारी येतात आणि वाचणाऱ्याच्या डोक्यात त्यांची गल्लत होते. पहिल्या बदलात इलेक्ट्रॉनची देवाणघेवाण मुळीच होत नाही. दुसऱ्यात तीच होते, आणि ती कुठवर जाऊन थांबेल हे माध्यम ठरवते.

क्रोमेट आणि डायक्रोमेट

क्रोमेट आयन CrO₄²⁻ चतुष्फलकी असतो. मध्यभागी क्रोमिअम आणि चार कोपऱ्यांवर ऑक्सिजन. डायक्रोमेट आयन Cr₂O₇²⁻ म्हणजे एका सामाईक ऑक्सिजनने जोडलेले असे दोन चतुष्फलक. दोन्हींत क्रोमिअमचा ऑक्सिडीकरण अंक +6 च आहे. म्हणून ‘आम्लाने क्रोमेटचे ऑक्सिडीकरण होऊन डायक्रोमेट बनते’ हे उत्तरपत्रिकांत हमखास दिसणारे वाक्य चूक आहे. घडते ते एवढेच, की दोन क्रोमेट आयन प्रोटॉन घेतात, पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो आणि ते एकमेकांना जोडले जातात:

2CrO₄²⁻ + 2H⁺ ⇌ Cr₂O₇²⁻ + H₂O

प्रत्यक्षात हे दोन टप्प्यांत होते. आधी क्रोमेट एक प्रोटॉन घेऊन हायड्रोजन क्रोमेट HCrO₄⁻ बनतो. सामू साधारण ६.५ असताना क्रोमेट आणि हायड्रोजन क्रोमेट सारख्या प्रमाणात असतात. मग दोन हायड्रोजन क्रोमेट आयन पाणी गमावून डायक्रोमेट देतात. शालेय समीकरणात हा मधला आयन गाळला जातो, आणि तिथेच एक महत्त्वाची गोष्ट हातची निसटते.

ती गोष्ट आकड्यांत पाहू. वरच्या समीकरणाचा समतोल स्थिरांक सुमारे ४ × १०¹⁴ धरू. एक लिटर द्रावणात एकूण ०.१ मोल क्रोमिअम आहे असे समजू. सामू ८ असताना त्यातले जवळजवळ ९६ टक्के क्रोमिअम क्रोमेटच्या रूपात राहते, सुमारे ३ टक्के हायड्रोजन क्रोमेट असते आणि डायक्रोमेटमध्ये एक टक्काही नसते. द्रावण स्वच्छ पिवळे दिसते. सामू ५ वर आणला, की क्रोमेट एक टक्क्याच्या आसपास उरते, डायक्रोमेट ६९ टक्के होते आणि उरलेले सुमारे ३० टक्के हायड्रोजन क्रोमेट असते. आता द्रावण नारिंगी आहे.

मग सामू ५ वरच स्थिर ठेवून हेच द्रावण शंभरपट विरल केले तर? आम्ल वाढवले नाही, आम्लारीही घातली नाही. तरीही डायक्रोमेटमधले क्रोमिअम ६९ वरून सुमारे ७ टक्क्यांवर येते आणि ९० टक्क्यांहून अधिक हायड्रोजन क्रोमेट बनते. कारण सरळ आहे. डायक्रोमेट बनायला दोन आयन एकत्र यावे लागतात आणि विरल द्रावणात ते एकमेकांना कमी भेटतात. म्हणून ‘आम्लात डायक्रोमेट, आम्लारीत क्रोमेट’ हा नियम पुरेशा संहत द्रावणालाच लागू पडतो. डायक्रोमेटचे अतिविरल द्रावण फिके पिवळे दिसले, तर त्यात आम्लारी शिरली असे लगेच समजू नये.

या समतोलाचा त्रास जाणवतो तो मोहर पद्धतीने क्लोराइडचे अनुमापन करताना. तिथे पोटॅशिअम क्रोमेट दर्शक असते. सगळे क्लोराइड सिल्व्हर क्लोराइडच्या पांढऱ्या साक्यात बसले, की पुढच्या थेंबातले सिल्व्हर क्रोमेटशी जुळते आणि लालसर विटकरी रंग उमटतो. द्रावण आम्लधर्मी असेल तर क्रोमेटचे प्रमाण घटलेले असते, विटकरी रंग उशिरा येतो आणि क्लोराइड खरे असते त्याहून जास्त मोजले जाते. म्हणून सामू साधारण ६.५ ते १० मध्ये राखतात. वरची मर्यादा वेगळ्या कारणाने येते: त्यापलीकडे सिल्व्हरच ऑक्साइडच्या रूपात खाली बसू लागते.

बेरिअमच्या परीक्षेत हाच समतोल उलट दिशेने कामाला येतो. डायक्रोमेटच्या नारिंगी द्रावणात बेरिअम क्लोराइड घातले तरी खाली बसतो तो पिवळा बेरिअम क्रोमेटच. द्रावणात क्रोमेट थोडेच असते, पण बेरिअम क्रोमेट इतके अविद्राव्य आहे की ते थोडे साक्यात गेले की समतोल नवे क्रोमेट पुरवत राहतो. या क्रियेत H⁺ सुटतात, ते साचले की साका पुरता बसत नाही. त्यावर उपाय म्हणून सोडिअम ॲसिटेट घालतात. ते H⁺ शोषून घेते.

इथवर सगळे उलटसुलट फिरवता येते. पण आम्लधर्मी डायक्रोमेटमध्ये सल्फाइटसारखा क्षपणक पडला, की Cr³⁺ बनून द्रावण हिरवे होते. हा बदल वेगळा आहे आणि तो ओळखणे सोपे आहे. थोडे सोडिअम हायड्रॉक्साइड घालून पाहावे. पिवळा रंग परत आला तर नुसता समतोल सरकला होता. राखाडी-हिरवा साका आला तर इलेक्ट्रॉन देऊन-घेऊन झालेले आहेत, आणि नुसत्या सामूने ते मागे जात नाहीत.

परमँगनेटला हा समतोल का नाही

परमँगनेट MnO₄⁻ ही चतुष्फलकीच असतो, पण त्याच्यावर एकच ऋण प्रभार असतो आणि परमँगॅनिक आम्ल तीव्र आम्ल आहे. त्यामुळे विरल आम्लात तो प्रोटॉन धरून ठेवत नाही आणि जोडीही जमवत नाही. परमँगनेटच्या द्रावणात नुसते विरल सल्फ्युरिक आम्ल घातले तर जांभळा रंग तसाच राहतो. संहत सल्फ्युरिक आम्लात मात्र Mn₂O₇ हे स्फोटक तेलकट संयुग बनू शकते. म्हणून घन परमँगनेटवर संहत आम्ल कधीही ओतू नये.

रंग बदलायला क्षपणक लागतो. तो कोणताही असो, परमँगनेट किती इलेक्ट्रॉन घेईल हे माध्यमावर ठरते. सल्फाइटबरोबरच्या तीन क्रिया अशा:

आम्लात: 2MnO₄⁻ + 5SO₃²⁻ + 6H⁺ → 2Mn²⁺ + 5SO₄²⁻ + 3H₂O

उदासीन द्रावणात: 2MnO₄⁻ + 3SO₃²⁻ + H₂O → 2MnO₂ + 3SO₄²⁻ + 2OH⁻

तीव्र आम्लारीत: 2MnO₄⁻ + SO₃²⁻ + 2OH⁻ → 2MnO₄²⁻ + SO₄²⁻ + H₂O

पहिल्यात मँगनीज +7 वरून +2 वर येते, म्हणजे पाच इलेक्ट्रॉन घेते. दुसऱ्यात +4 वर थांबते, तीन घेते. तिसऱ्यात +6 वर, एकच. आता तीन चंचुपात्रांत ०.०२ मोलर परमँगनेट प्रत्येकी २० मिलिलिटर घ्या, म्हणजे प्रत्येकात ०.४ मिलिमोल. सल्फाइटचा एक आयन दोन इलेक्ट्रॉन देतो. हिशेब केला तर ०.१ मोलर सल्फाइट आम्लात १० मिलिलिटर, उदासीन द्रावणात ६ आणि तीव्र आम्लारीत फक्त २ मिलिलिटर लागते. बाटली तीच आणि मोजमाप तेच, तरी परमँगनेटची ताकद पाचपट कमीजास्त. म्हणूनच परमँगनेटचा ‘सममूल्य भार’ माध्यम सांगितल्याशिवाय सांगता येत नाही. मात्र हा हिशेब समीकरण समजण्यापुरता आहे. प्रत्यक्षात सल्फाइटचा काही भाग डायथायोनेटकडे वळतो, आणि आम्लात सल्फर डायऑक्साइड उडून जातो. त्यामुळे सल्फाइटचे थेट अनुमापन अचूक येत नाही.

हे असे का होते? मँगनीजभोवतीचे चार ऑक्सिजन काढून टाकायचे तर ते पाणी होऊन निघायला हवेत आणि त्यासाठी प्रत्येक परमँगनेट आयनामागे आठ H⁺ लागतात. भरपूर आम्लात ते मिळतात आणि मँगनीज जवळजवळ रंगहीन Mn²⁺ पर्यंत उतरते. H⁺ दुर्मिळ झाले की काही ऑक्सिजन मँगनीजलाच चिकटून राहतात आणि अविद्राव्य MnO₂ खाली बसते. तीव्र आम्लारीत चारही ऑक्सिजन जागच्या जागी राहतात; फक्त एक इलेक्ट्रॉन आत येतो आणि हिरवा मँगनेट MnO₄²⁻ बनतो.

हा हिरवा रंग नाजूक असतो. तो टिकायला हायड्रॉक्साइड भरपूर हवे आणि क्षपणक बेताचाच. क्षपणक जास्त पडला तर आम्लारीतही मँगनीज पुढे MnO₂ वर जाते. आणि द्रावण नुसते पाण्याने विरल केले किंवा त्यात आम्ल घातले, तर मँगनेट स्वतःशीच क्रिया करतो:

3MnO₄²⁻ + 2H₂O → 2MnO₄⁻ + MnO₂ + 4OH⁻

हिरव्याचे पुन्हा जांभळे होते आणि तळाशी तपकिरी गाळ बसतो. क्षपणक न काढता रंग ‘परत’ आलेला पाहून ही क्रिया उलटली असे वाटते. पण दोन तृतीयांश मँगनीजच वर गेलेले असते, एक तृतीयांश गाळात.

अनुमापनातला तपकिरी गढूळपणा

ऑक्झॅलिक आम्लाच्या अनुमापनात माध्यमाची चूक सगळ्यांत जास्त दिसते. द्रावण सुमारे ६० अंश सेल्सिअसला तापवून घेतात, तरी परमँगनेटचा पहिला थेंब बराच वेळ गुलाबी राहतो. ही क्रिया Mn²⁺ मुळे वेगवान होते आणि सुरुवातीला ते द्रावणात नसते. घाई करून ब्युरेटमधून धार सोडली, किंवा सल्फ्युरिक आम्ल कमी घातले, की तपकिरी ढग उठतो. तो MnO₂ असतो. काही थेट क्षपणातून येतो, काही परमँगनेट आणि आधी बनलेले Mn²⁺ एकमेकांवर क्रिया करून:

2MnO₄⁻ + 3Mn²⁺ + 2H₂O → 5MnO₂ + 4H⁺

अनुमापन अर्ध्यात असेल आणि ऑक्झॅलेट शिल्लक असेल, तर आणखी आम्ल घालून गरम करत ढवळल्यास ढग विरतो, कारण आम्लात MnO₂ स्वतः ऑक्सिडीकारक आहे. पण ते वाचन टाकून नवे अनुमापन घेणेच बरे. अंतिम बिंदूचा फिका गुलाबी रंगही याच क्रियेमुळे हळूहळू ओसरतो. म्हणून तो अर्धा मिनिट टिकला की वाचन घेतात, तासभर टिकण्याची वाट पाहत नाहीत.

आम्ल म्हणून हायड्रोक्लोरिक चालत नाही. परमँगनेट क्लोराइडचे क्लोरीन करतो आणि ब्युरेटचे वाचन फुगते. नायट्रिक आम्ल स्वतःच ऑक्सिडीकारक असल्याने वाचन उलट कमी येऊ शकते. ब्युरेटच्या काचेवर किंवा बोटांवर राहिलेला तपकिरी डाग याच MnO₂ चा. पाण्याने तो हलत नाही. काचेवरचा डाग आम्लयुक्त ऑक्झॅलिक आम्लाने निघतो.