आठ-बिट युद्धधून

जुन्या धाटणीच्या व्हिडिओ गेममध्ये शत्रू समोर आला की वाजणारी, पुन्हापुन्हा फिरणारी वेगवान धून. तिचा घाट ठरवला तो मुख्यतः निन्टेंडोच्या फॅमिकॉमसारख्या (1983) यंत्रांतल्या ध्वनिचिपने. या चिपवर चौकोनी तरंगाचे दोन आवाज, बेससाठी एक त्रिकोणी तरंग, ढोलताशासारख्या ठोक्यांसाठी एक नॉइज आणि छोट्या ध्वनिमुद्रित तुकड्यांसाठी एक चॅनल असतो. प्रत्येक चौकोनी चॅनल एका वेळी एकच सूर काढू शकतो.

त्यामुळे पूर्ण कॉर्ड हवी असेल तर कानाला फसवावे लागते. यंत्र सेकंदाला साधारण 60 फ्रेम चालवते. दर फ्रेमला सूर बदलत तीन सूर फिरवले की सेकंदाला वीस फेऱ्या होतात आणि सुटे सूर न ऐकू येता खरखरती, थरथरती कॉर्ड ऐकू येते. हेच आर्पेजिओ. फॅमिट्रॅकर या प्रणालीत ते असे लिहितात:

```
A-3 00 C 037
```

आधी सूर, मग वाद्याचा क्रमांक आणि आवाजाची पातळी. शेवटचे `037` म्हणजे मूळ सूर, त्यावर तीन आणि सात अर्धस्वर. आपल्या भाषेत सा, कोमल ग, प. `047` लिहिले की गंधार शुद्ध होतो.

लयही फ्रेमनेच बांधलेली असते. एका ओळीला सहा फ्रेम आणि ठोक्याला चार ओळी धरल्या तर लय मिनिटाला 150 ठोके येते. पाच फ्रेम केल्यास एकदम 180. मधली लय हवी असेल तर सहा आणि पाच आळीपाळीने द्यावे लागतात. हीच धून 50 फ्रेमच्या युरोपीय पाल यंत्रावर तशीच चढवली तर 150 ची लय 125 वर घसरते आणि लढाईची वरात होते.

ए मायनर, एफ, जी, ई अशी चार मात्राखंडांची चाल घेऊ. मुख्य सुरावट पहिल्या चौकोनी चॅनलवर 25 टक्के ड्यूटीने, म्हणजे तरंग आवर्तनाचा चौथा भागच वर ठेवून, धारदार पण भरीव आवाजात. आर्पेजिओ दुसऱ्यावर 12.5 टक्क्यांनी, अधिक नाकातल्या आवाजात. तलवारीचा आवाज ज्या चॅनलवर येतो, तिथले संगीत तेवढा वेळ गप्प होते. म्हणून असे आवाज आर्पेजिओच्या चॅनलवर टाकणे बरे. त्याचा क्षणभराचा खंड खपतो, सुरावटीचा खपत नाही. त्रिकोणी तरंगाला आवाज कमी-जास्त करण्याची सोय नाही, तेव्हा बेसमध्ये जोर आणायचा तर सूर आखूड तोडावे लागतात. सप्तकाच्या उड्या मारणारा तुटक बेस हा या धुनींचा खरा घोडा आहे.

ई मेजरमधला जी शार्प पुन्हा ए कडे ओढतो, त्यामुळे फेरी थांबल्यासारखी वाटत नाही. नेमका तिथेच नवशिक्यांचा घोळ होतो. `037` फक्त प्रस्तावनेत लिहिलेले असते आणि `B01` ही उडी प्रस्तावनेच्या पुढे परत नेते. पहिल्या फेरीत सारे ठीक वाजते. पण नवी खूण येईपर्यंत जुनीच लागू राहते, त्यामुळे दुसऱ्या फेरीत ई चे `047` तसेच चालू राहते आणि सुरावटीतल्या सी ला आर्पेजिओचा सी शार्प घासतो. एकच फेरी ऐकून धून पूर्ण झाली म्हणणाऱ्याला हे सापडत नाही. फेरी सुरू होते त्या ओळीवरच `037` पुन्हा लिहावे.