वही उघडण्याआधी

चौदा वर्षांपूर्वीच्या एका रोजनिशीतून मला एक लेख काढायचा होता. खोलीत सोबत राहणारा मित्र शहर सोडून गेला, त्या दिवसाबद्दल. प्रसंग लख्ख आठवत होता, म्हणजे तसं वाटत होतं. मंगळवार होता, कारण तेव्हा मला मंगळवारी सुट्टी असे. मुसळधार पाऊस होता. मी त्याला थांब्यावर सोडायला गेलो होतो आणि बस सुटताना तो खिडकीतून काहीतरी म्हणाला होता. लेख त्या वाक्यावर संपणार होता.

वही उघडण्याआधी हे सगळं मी एका कोऱ्या कागदावर लिहून काढलं. प्रत्येक तपशिलापुढे खात्री किती, तेही लिहिलं: दहापैकी आठ, दहापैकी नऊ. ही पायरी बहुतेक जण गाळतात. पण नोंद एकदा वाचली की तिच्यातला मजकूर आठवणीत मिसळतो, आणि मग हे मला आधीपासून आठवत होतं की आत्ता वाचून कळलं, हे ओळखायला काही साधन उरत नाही. वाचन आणि आठवण दोन्ही मनाला सारख्याच ‘ओळखीच्या’ वाटतात.

खात्रीचे आकडे लिहायचं कारण एका जुन्या अभ्यासात आहे. २८ जानेवारी १९८६ रोजी चॅलेंजर हे अवकाशयान उड्डाणानंतर काही क्षणांतच नष्ट झालं. बातमी कुठे, कुणाकडून, कशी कळली, हे उलरिक नायसर या मानसशास्त्रज्ञाने अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांकडून दुसऱ्याच दिवशी लिहून घेतलं. अडीच वर्षांहून अधिक काळ गेल्यावर त्याने आणि निकोल हार्शने त्यांतल्या ४४ जणांना तेच प्रश्न पुन्हा विचारले. ११ जणांची उत्तरं मुख्य तपशिलांत साफ चुकली होती. पूर्ण बरोबर निघाले फक्त तिघे. चुकलेल्यांपैकी अनेकांना आपल्या उत्तराची दांडगी खात्री होती. त्यांना त्यांच्याच हस्ताक्षरातला जुना कागद दाखवला, तरी मूळ आठवण कुणाची परत आली नाही. अक्षर आपलंच आहे हे कबूल करून काही जण नव्या हकिकतीवर ठाम राहिले.

हे वाचून आपण त्यातले नाही असं मला वाटलं होतं. मग मी वही उघडली.

‘१४ जून २०११, मंगळवार. तो गेला. पहाटेच. पुस्तकं ठेवून गेला. मी झोपेत होतो.’

म्हणजे थांबा नाही, बस नाही, खिडकी नाही. आणि पावसाचा उल्लेखही नाही. पण इथे सांभाळायला हवं. नोंदीत पाऊस नाही, याचा अर्थ पाऊस नव्हता असा होत नाही. पावसाळ्यात पाऊस कोण रोज लिहून ठेवतो? रोजनिशीत नेहमीचं सहसा गळतं आणि नेहमीपेक्षा वेगळं येतं. त्यामुळे ‘लिहिलेलं नाही’ आणि ‘घडलेलं नाही’ ही दोन खाती वेगळी ठेवावी लागतात.

मग आठवणीतला पाऊस आला कुठून? रोजनिशी ठेवणाऱ्यांवरच्या प्रयोगांत एक मजेशीर गोष्ट दिसली आहे. घटनेची तारीख सांगताना माणसं चुकतात तेव्हा ती बऱ्याचदा नेमकी सात किंवा चौदा दिवसांनी चुकतात. आठवडा निसटतो, वार मात्र टिकतो, कारण वाराला आपला दिनक्रम चिकटलेला असतो. म्हणून हरवलेला तपशील शोधताना आधी पुढचा-मागचा तोच वार पाहावा. मी पाहिला. ‘२१ जून, मंगळवार. थांब्यावर तासभर भिजलो. छत्री खोलीवर. खोली रिकामी.’ भिजलो होतो ते आठवड्याने, आणि एकटाच. दोन मंगळवार मनाने परस्पर शिवून टाकले होते. शिवण ‘थांबा’ या शब्दावर बसली असावी, पण हा माझा तर्क आहे.

इथवर वही जिंकली, स्मृती हरली, असं दिसतं. पण वहीचीही उलटतपासणी व्हायला हवी. १३ जूनच्या नोंदीत मी लिहिलंय: ‘आज एकत्र जेवलो. हे शेवटचं, ते तेव्हा कळलं नाही.’ या ‘तेव्हा’ने चोरी पकडून दिली. त्याच रात्री लिहिणारा ‘तेव्हा’ म्हणणार नाही. मग नीट पाहिलं तर १२ ते १५ जूनच्या चारही नोंदी एकाच शाईत, एकाच कलाने, एकही खाडाखोड नसलेल्या. त्या आधीच्या पानांवर मात्र पेन बदलतं, ओळी वाकड्या होतात. म्हणजे हे चार दिवस मी नंतर एका बैठकीत भरून काढले. नोंद उद्याचं जाणत असेल तर ती त्या दिवसाची नाही. तिला टाकून द्यायचं कारण नाही. ती एक-दोन दिवसांनीच लिहिलेली असली तर आजच्या आठवणीपेक्षा ती कितीतरी जवळची आहे. फक्त तिला ‘त्या रात्री मी लिहिलं’ असं म्हणता येत नाही.

आणि १६ ते २० जून? कोरे. अशा कोऱ्या पानांत अर्थ भरायचा मोह फार होतो. ‘दुःखाने पाच दिवस लेखणी उचलली नाही’ हे वाक्य मी खरंच लिहिलं होतं, मग खोडलं. परीक्षा, ताप, कंटाळा किंवा मजेत गेलेले दिवस, कशानेही पानं कोरी राहतात.

शेवटी मित्राला फोन केला. डच मानसशास्त्रज्ञ विलेम वाखेनार याने सहा वर्षं स्वतःच्या आयुष्यातल्या सुमारे २,४०० घटना नोंदवल्या होत्या: काय, कोण, कुठे, कधी. नंतर एकेक धागा देऊन तो स्वतःची परीक्षा घेई. ‘काय’ने सर्वांत जास्त आठवे, नुसत्या ‘कधी’ने जवळजवळ काहीच नाही. काही घटना सगळे धागे देऊनही पूर्ण पुसलेल्या वाटल्या. त्यांतल्या दहांबद्दल त्याने तिथे हजर असलेल्या माणसांना विचारलं, आणि त्यांनी नवे तपशील सांगताच दहाही घटना त्याला आठवल्या. म्हणून तारीख सांगून विचारू नये, प्रसंग सांगून विचारावं. मी पुस्तकांचा विषय काढला.

‘अरे, तू झोपला नव्हतास,’ तो म्हणाला. ‘दारापर्यंत आलास, दिवा न लावता. मी म्हटलं, जा, झोप.’

तो बोलता बोलताच मला दाराची थंड कडी हाताला जाणवली. आता ही कडी २०११ची, की त्याच्या वाक्याने आत्ता घडवलेली? वाखेनारच्या त्या दहा आठवणींबाबतही मला हीच शंका येते. आणि मित्राची स्मृती माझ्यापेक्षा बरी आहे, असं मानायलाही काही आधार नाही. त्याने तर काही लिहूनच ठेवलं नव्हतं.

लेखात तो परिच्छेद आता असा आहे: ‘वहीत मी झोपेत आहे. ती नोंद मी एक-दोन दिवसांनी लिहिली असावी. तो म्हणतो, मी दारापर्यंत आलो होतो. मला अनेक वर्षं आठवत होता तो पाऊस पुढच्या मंगळवारचा. खिडकीतून तो जे म्हणाला असं मी समजत होतो, ते कुणी म्हटलंच नव्हतं.’ ते वाक्य काय होतं, हे मी लेखात दिलेलं नाही. चांगलं होतं.